फोटोवरून आलेला मराठी मजकूर: आधी आडवा र, मग वेलांटी

«मुक्तिसंग्रामाच्या जुन्या स्मरणिकेच्या पानांचे फोटो काढून मजकूर उतरवून घेतला. ‘मुिक्तसंग्राम’, ‘धमर्’ असलं काहीतरी आलंय. एकदम सगळं बदलता येईल का?»

एकदम नाही, दादा. क्रम चुकला तर आहे तेही बिघडेल. मूळ फाइलची प्रत बाजूला आहेच असं धरतो.

सगळ्यात महागात पडते ती ‘साफसफाई’. आमच्याकडच्या एका टंकलेखन केंद्राने अदृश्य खुणा कचरा समजून काढल्या आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. हा आडवा र पुष्कळदा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण (U+200D) असा साठवलेला असतो. खूण गेली की रफार होतो, आणि ‘दर्या’ हा शब्दही बरोबर असल्याने शुद्धलेखन तपासणीतही सापडत नाही. म्हणून आधी त्याचा ऱ करून घ्या, मगच खुणा काढा.

वेलांटी पानावर अक्षराआधी दिसते, पण संगणकात ती अक्षरानंतर साठवायची असते. वाचणाऱ्या प्रोग्रामने दिसेल तशी उचलली की घोळ होतो. पण प्रत्येक वेलांटी पुढे ढकलली तर धडक्या ‘नियम’चा ‘नयिम’ होईल. म्हणून जिच्या लगेच आधी व्यंजन नाही, तेवढीच हलवा, आणि तीही पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे. पायथनमध्ये, सगळा मजकूर s मध्ये वाचून घेतल्यावर:

```
import re
s = s.replace('\u0930\u094d\u200d', '\u0931\u094d')
s = re.sub('[\u200c\u200d]', '', s)
s = re.sub('(?<![क-ह])ि((?:[क-ह]्)*[क-ह])', r'\1ि', s)
s = re.sub('([क-ह](?:्[क-ह])*[ा-ौ]?)र्(?![ऋक-ह])', r'र्\1', s)
```

‘मुिक्तसंग्राम’मध्ये वेलांटीआधी उकार आहे, म्हणून ती क्त ओलांडते आणि ‘मुक्तिसंग्राम’ होतो. शेवटची ओळ शब्दाच्या टोकाला लटकलेला रफार मागे नेते: ‘धमर्’चा ‘धर्म’. मात्र ‘पुनर्-’ असं तोडून छापलेलं असेल तर तेही हलेल, तेवढं बघा.

आता जे यातून सुटतं ते. ‘कायर्कतेर्’चं ‘कायर्कर्ते’ होईल, अर्धंच. मधला र् खरंच क वर आहे की य वर, हे नियमाला कळत नाही. तसंच ‘परिषद’चा ‘पिरषद’ झाला असेल, तर तिथे वेलांटीआधी प हे व्यंजन आहे, म्हणून ती हलत नाही. असे शब्द लिब्रेऑफिसमध्ये मराठी शब्दकोश लावून लाल रेघेवरून शोधा आणि फोटोशी ताडून हाताने बदला. मुक्तिसंग्रामाच्या मजकुरात गावांची नावं आणि आडनावं शब्दकोशात नसतात, तिथे रेघ खोटीही येईल. ‘सगळीकडे बदला’ हे बटण मी तरी नावांवर कधीच दाबणार नाही.

हलन्तानंतर मोकळी जागा पडून तुटलेली जोडाक्षरं (‘स् थिती’) जोडतानाही नजर हवी. जुन्या छपाईत ‘अर्थात्’ असा पायमोडका शेवट असतो. आंधळेपणाने जोडलं तर तो पुढच्या शब्दाला चिकटेल.