सरळ केलेलं कार्ड

ताई, डिसेंबरमध्ये लग्न करायचं ठरतंय आणि त्याआधी डोंबिवलीत फ्लॅट बुक करायचाय. संसार आणि घर दोन्ही टिकेल का, असं मनात धरून टॅरोची दोन कार्डं काढली. पहिलं फोर ऑफ वाँड्स, दुसरं टेन ऑफ पेंटॅकल्स. टेन उलटं, डोकं खाली असं पडलं होतं. एरवी मी उलटी कार्डं उलटीच वाचते, पण हे शफल करताना फिरलं असेल म्हणून सरळ करून ठेवलं. पैशाचं टेन्शन नाही, होणारे सासरे त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातले 22 लाख देतायत. ते साताऱ्याला एकटेच असतात. याहून चांगला कौल असेल का? — प्र., ठाणे

प्र., ते कार्ड पडलं होतं तसं आधी उलटं ठेव.

शफल करतानाच कार्डं फिरतात. उलटं कार्ड येतं ते त्याच वाटेने, दुसरी वाटच नाही. उलटी कार्डं वाचायचीच नसतील तर हरकत नाही, पुष्कळ जण सगळी सरळच वाचतात. पण ते कार्ड काढण्याआधी ठरवायचं. एरवी वाचायची आणि नको ते आलं की फिरवायचं, असं केलंस तर तू कार्डांना काही विचारलंच नाहीस. आणि तू नेमकं हेच कार्ड फिरवलंस, याचा मला जास्त राग आलाय.

1909 सालच्या रायडर-वेट डेकमधलं हे चित्र नीट बघ. चित्रकार पामेला कोलमन स्मिथने कमानीखाली एक जोडपं उभं केलंय, बाईच्या आडून एक लहान मूल डोकावतंय. आणि अगदी पुढे, डाव्या कोपऱ्यात, द्राक्षांच्या नक्षीचा झगा घातलेला एक म्हातारा बसलाय. त्याच्याकडे लक्ष आहे ते दोन पांढऱ्या कुत्र्यांचं. जोडपं आपल्याच बोलण्यात आहे. घराणं, वारसा, वाडा असे या कार्डाचे अर्थ सांगतात, पण तो वारसा ज्याच्याकडून येतो तो माणूस कमानीच्या बाहेर बसलाय. कार्ड उलटं धरलंस की खाली बसलेला तो म्हातारा वर येतो आणि नजर आधी त्याच्यावर जाते.

हा डेक ज्याने करवून घेतला त्या आर्थर वेटने 1911 मध्ये छापलेल्या अर्थांत हे कार्ड उलटं आलं तर नुकसान आणि जुगार आहे, आणि कधीकधी बक्षीस, हुंडा, पेन्शन. तुझ्या पत्रात हेच पैसे एका ओळीत उरकलेत. ज्या माणसाचे 22 लाख तुम्ही घेताय, तो साताऱ्यात एकटा राहतो. ते पैसे दिल्यावर त्याच्या हातात महिन्याला किती उरतं, याचा पत्रात एक शब्द नाही.

म्हणून या रविवारी दोघं साताऱ्याला जा. हॉलचा अ‍ॅडव्हान्स आणि फ्लॅटचं टोकन दोन्ही तोवर थांबू दे. त्यांना विचार, "बाबा, हे दिल्यावर तुमचा महिना कसा चालणार? उद्या एकटं राहवलं नाही, तर राहणार कुठे?" त्यांच्याबरोबर बसून खर्च मांडा: घरखर्च, औषधं, एखाद्या ऑपरेशनपुरती बाजूला ठेवलेली रक्कम. हे सगळं वजा करून 14 लाख उरले, तर 14 च घ्या. बाकीचं कर्ज वाढवून घ्या, नाहीतर फ्लॅट लहान घ्या. घ्याल ती रक्कम बक्षीस की उसनी, हे कागदावर लिहून सही करा आणि पैसे चेकने किंवा बँकेतूनच येऊ द्या. करारनाम्यात कोणाकोणाची नावं हेही तिथेच ठरवा. एकदा नोंदणी झाली की नवं नाव घालायला वेगळा दस्त करावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. त्यांचं नाव नको असेल, तर ते त्यांच्या तोंडून ऐका, मुलाने परस्पर सांगितलेलं चालणार नाही.

होणारा नवरा म्हणेल, "बाबांना असलं विचारलं तर वाईट वाटेल." तरी विचार. उत्तर देताना ते अडखळले, "तुम्ही माझी काळजी करू नका" असं म्हणून विषय बदलला, तर रक्कम त्यांना झेपणारी नाही असं समज आणि तिथल्या तिथे कमी कर.

आता फोर ऑफ वाँड्स. ते शुभच आहे, आणि उलटं आलं असतं तरी वेटच्या मते अर्थ बदलला नसता. फक्त त्यात लग्न शोधू नकोस. वेटने लिहिलंय विसावा, सलोखा, पीक घरी आल्याचा आनंद. चार खांबांवर फुलाफळांची माळ आहे, गुच्छ उंचावलेल्या दोघी आहेत, पण घर मागे आहे, खंदकावरच्या पुलापलीकडे. मांडव सजलाय, घरात अजून कोणी गेलेलं नाही. तुझ्या मांडणीत मांडव पहिला आणि उलटं घराणं दुसरं, म्हणजे समारंभ छान होईल आणि अडचण निघेल ती पुलापलीकडे, पैशांत आणि म्हाताऱ्या माणसात.

साताऱ्याहून येईपर्यंत याच प्रश्नावर पुन्हा कार्डं काढू नकोस. किती लाख घ्यायचे हे कार्ड सांगत नाही, ते बाबाच सांगतील.