वॉशर नवा, गळती जुनीच

प्रश्न: बाथरूमच्या नळाचा वॉशर दोनदा बदलला, तरी पाणी ठिबकतंच. असं का होत असेल? कोणाला अनुभव आहे का?

उत्तर: वॉशर ज्यावर टेकतो ती पितळेची कड, म्हणजे सीट, खराब झाली असणार. गेल्या चवथीच्या तोंडावर आमच्या शेजारच्या काकींकडे नेमकं हेच झालं होतं.

मी डिचोलीचा, बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होतो. निवृत्त इंजिनिअर म्हणजे वाड्यावरचा फुकटचा प्लंबर असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. काकी म्हणाल्या, "भाऊ, घरात पाहुणे यायचेत आणि हा नळ बघा. वॉशर बदलून घेतला तरी रात्री लावलेली बालदी सकाळी भरलेली."

नळ जुना, फेरे देऊन बंद करायचा. आधी पाणी कुठून येतंय ते पाहिलं. वरच्या दांड्यापाशी पाझरत असतं तर ग्लँडचं पॅकिंग बदलून भागलं असतं. पण तिथे कोरडं होतं, पाणी तोटीतून येत होतं. म्हणजे वॉशर नाहीतर सीट, आणि वॉशर तर नवाकोरा.

टाकीकडचा वॉल्व्ह बंद केला, नळ उघडून पाईपातलं पाणी जाऊ दिलं, स्क्रू गटारात जाऊ नये म्हणून जाळीवर फडकं टाकलं. मग दोन पाने घेतले. एकाने नळाचं अंग घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने वरचा भाग सोडवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर भिंतीतला गंजका पाईप फिरतो, आणि मग नळाचं काम राहतं बाजूला, टाइल्स फोडाव्या लागतात.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अजून पान्याला फडकं गुंडाळतोस?"

वळून पाहतो तर दारात आमचा जुना फिटर उभा! हातात माटोळीच्या फळांची पिशवी. काकींच्या मुलीचा सासरा हाच, हे मला ठाऊकच नव्हतं. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, खनिज वाहणाऱ्या बार्जी नदीत नांगरून पडल्या आणि आमच्यातला जो तो पोटापाण्यासाठी पांगला. हा वास्कोकडे गेला एवढंच कानावर होतं. काकी चहा ठेवायला गेल्या, त्याने पिशवी दारातच ठेवली, पँट वर दुमडली आणि सरळ माझ्या शेजारी बसला.

"बोट घाल," म्हणाला. घातलं. सीटच्या कडेवर एका जागी नखाला लागेल अशी खाच. कारण सरळ आहे. जुना वॉशर झिजला तेव्हा बरेच दिवस तसंच चालवलं. बारीक फटीतून पाणी जोराने निघतं, त्यात रेतीचे कण असतात आणि ते मऊ पितळ हळूहळू कापतं. मग माणसं नळ आणखी आवळतात, त्याने नवा वॉशरही त्या खाचेवर चिरतो. काकींचा काढलेला वॉशर पाहिला तर त्यावर त्याच जागी चीर.

मी म्हटलं, "ग्राइंडिंग पेस्ट लावून घासूया, इंजिनाच्या वॉल्व्हसारखं."

"तो वॉल्व्ह पोलादाचा रे! हे पितळ. पेस्टचे कण त्यात रुतून बसतील आणि वॉशरच खातील." बार्जवरही तो असाच वाद घालायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा.

त्याच्या स्कूटरच्या डिकीत सीट कटर होता. नळाच्या वरच्या आट्यांत तो बसवायचा, पातं सीटवर टेकलं की हलक्या हाताने फिरवायचं. दोन-तीन फेरे देऊन थांबायचं, टॉर्च मारून पाहायचं. सगळीकडे सारखी चमकणारी रिंग दिसली की झालं. काळा डाग उरला तर अजून एखादा फेरा. जोर केला तर पातं अडखळतं आणि सीटवर लाटा उठतात. मग वॉल्व्ह किंचित उघडून पितळेचा चुरा धुऊन काढला, नवा सपाट वॉशर घातला, नळ बसवला. बंद करायला दोन बोटांचा जोर पुरला.

खाच फार खोल असेल तर मात्र कटरच्या भानगडीत पडू नका, नळच बदला. आणि तुमचा नळ पाव फेऱ्यात बंद होणारा असेल तर त्यात असा वॉशरच नसतो, आत चिनी मातीच्या दोन चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते काढून दुकानात सोबत न्या, कारण लांबी आणि दांड्यावरचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात.

सीट कटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, अर्धा इंची नळाचा मागा. माझ्या मित्राचा मागायला जाऊ नका, तो मलाही देत नाही. चवथीला काकींकडे जेवायला आला तेव्हाही पेस्टवरून वाद घालून गेला.