बेरीज जुळली, पण सही थांबवा

प्रश्न: आमच्या पुण्यातल्या स्टार्टअपने दीड वर्षापूर्वी एका इथल्याच गुंतवणूकदाराकडून ४० लाखांची कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज, घेतली, सरळव्याज ८ टक्के. आता गुंतवणुकीची नवी फेरी शेअरमागे ५०० रुपये दराने झाली. नोटवाल्याला २० टक्के सवलत, दर्शनी मूल्य १० रुपये. अकाउंटंटच्या मसुद्यात नोट ४० लाख, व्याज ४.८० लाख आणि 'शेअर्सवरील सवलत' ११.२० लाख नावे, भागभांडवल १.१२ लाख आणि प्रीमियम ५४.८८ लाख जमा. बेरीज जुळते. सही करू?

उत्तर: नको. सगळ्यात आधी ती 'सवलत' खोडा. तुमचा शेअर ४०० रुपयांना जातोय; ५०० हा दुसऱ्यांचा दर, त्याचा या नोंदीशी संबंध नाही. कंपनीच्या हाती न आलेले ११.२० लाख प्रीमियममध्ये फुगलेत. शिवाय कंपनी कायद्याच्या कलम ५३ नुसार दर्शनी मूल्याखाली शेअर देणं रद्दबातल ठरतं. तुम्ही तसं काही केलेलं नाही, पण पुस्तकात हे नाव दिसलं की उद्या गुंतवणूकदाराचा वकील नेमका तिथेच बोट ठेवणार.

दुसरी चूक व्याजात आहे. दीड वर्षाचं व्याज रूपांतराच्या दिवशी एकरकमी खर्ची पडत नाही. ते ज्या त्या वर्षाच्या पुस्तकात जातं आणि खात्यावर जमा करतानाच त्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. रोख हातची गेली नाही म्हणून कर सुटत नाही. इथे हा टीडीएस ४८,००० होतो आणि तो बँकेतून भरावा लागेल. आधीच्या मार्चला कापला नसेल, तर विलंबाचं व्याजही बसेल.

आता तुमच्या करारातलं रूपांतराचं कलम काढा. करवजा व्याज शेअरमध्ये बदलायचं असेल, तर रक्कम ४४,३२,००० आणि ४०० च्या दराने ११,०८० शेअर. नोंद अशी होईल: नोट ४०,००,००० नावे, देय व्याज ४,३२,००० नावे, भागभांडवल १,१०,८०० जमा, प्रीमियम ४३,२१,२०० जमा. पूर्ण व्याज बदलायचं असं लिहिलं असेल, तर शेअर ११,२०० होतील आणि ४८,००० कोण सोसणार ते गुंतवणूकदाराशी लेखी ठरवा. अकाउंटंटने ११,२०० धरलेत, पण कराराकडे पाहून धरलेत असं वाटत नाही. करारात व्हॅल्युएशनची कमाल मर्यादाही असेल, तर तिचा दर ४०० पेक्षा कमी निघतो का ते पाहा. सहसा कमी दरच लागू होतो.

तारीख भागवाटपाच्या ठरावाची टाका, फेरीचे पैसे आले त्या दिवसाची नव्हे. भागवाटपाची माहिती देणारा पीएएस-३ फॉर्म कंपनी निबंधकाकडे भागवाटपापासून ३० दिवसांत जायला हवा.

आणि जुनी फाइल उघडून नोट देण्याआधीचा विशेष ठराव शोधा. कलम ६२(३) नुसार रूपांतराच्या अटी त्यात आधीच मंजूर असाव्या लागतात. माझ्याकडे आलेल्या एका कंपनीत तो नोटेनंतर तीन महिन्यांनी झाला होता. तुमचाही तसा निघाला, तर भागवाटप करण्याआधी मला फोन करा.