गच्चीवर सोलर लावायचाय, मालक फोनवर ‘हो’ म्हणालेत

प्रश्न : पुण्यात चार मजली सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर लिव्ह अँड लायसन्सवर राहतो, अजून सोळा महिने आहेत. स्वखर्चाने शंभर लिटरचा सोलर हीटर लावायचा आहे. लिफ्टच्या खोलीमागे, उत्तरेला कोणी फिरकत नाही. तिथे बोल्ट मारून बसवावा म्हणतो. मालक फोनवर ‘लावून घ्या’ म्हणाले. इनव्हर्टरची बॅटरी बाल्कनीत ठेवीन. एवढं पुरेल ना?

उत्तर : नाही पुरणार. आधी तुमचा करार काढून वाचा. ‘लायसेन्सरच्या पूर्वलेखी संमतीशिवाय फेरबदल करणार नाही’ अशा अर्थाचं कलम त्यात बहुधा असेलच, आणि मग फोनवरच्या होकाराला अनामत परत घेण्याच्या वेळी फारशी किंमत उरत नाही. दुसरं म्हणजे गच्ची मालकांची नाही. त्यांच्या खरेदीखतात ती लिहिलेली नसेल, तर ती सोसायटीची सामाईक जागा. सभासद तुम्ही नाही, ते आहेत. म्हणून सोसायटीकडे अर्ज त्यांच्या सहीने गेला पाहिजे. मजकूर आणि नकाशा तुम्ही तयार करून द्या, म्हणजे काम अडणार नाही.

मालक लेखी द्यायला कचरले, तर त्यामागे एक कारण असू शकतं. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६० नुसार, जागा वापरण्याच्या परवान्याच्या भरवशावर खर्च करून कायमस्वरूपी काम केलं, तर तो परवाना मालकाला रद्द करता येत नाही. त्यांची ही भीती पत्रातच घालवा :

‘शंभर लिटरचा सोलर हीटर सोबतच्या नकाशात दाखवलेल्या जागी माझ्या खर्चाने बसवण्यास आपली संमती द्यावी. तो सुटा व काढता येण्याजोगा असून मी ते कायमस्वरूपी काम मानत नाही. त्याआधारे जागेवर कोणताही हक्क सांगणार नाही. जागा सोडताना तो काढून नेईन आणि पाइपची भोकं बुजवून जागा पूर्ववत करून देईन. त्यामुळे गळती झाल्यास दुरुस्तीचा खर्च माझा.’

खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि काम सुरू होण्याआधीचे गच्चीचे व खालच्या छताचे फोटो. छतावर आधीपासून ओल असेल तर ती फोटोत नक्की येऊ द्या. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तीही तुमच्याच नावावर पडेल.

आता जागा. लिफ्टखोलीची उत्तर बाजू मोकळी असते, ती सावलीमुळेच. पुण्यात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे तीन मीटर उंच खोलीची सावली उत्तरेला पावणेतीन मीटर पडते; सकाळी त्याहून लांब. गरम पाणी लागतं त्याच महिन्यांत हीटर सावलीत. खोलीच्या दक्षिणेला, नळ्यांचं तोंड दक्षिणेकडे करून जागा मागा. साधा, बिनदाबाचा हीटर असेल तर गार पाण्याची टाकी त्याच्या टाकीहून उंच हवी, नाहीतर तो पूर्ण भरणारच नाही. तुमच्या बाथरूमच्या डोक्यावर येईल तितकी जागा चांगली : पाइप लांबला की दर सकाळी तेवढं गार पाणी आधी सोडावं लागतं.

बोल्ट मात्र मारू नका. बोल्टच्या भोकातून वॉटरप्रूफिंग फुटतं, आणि कमिटीचा नकार बहुतेक वेळा याच धास्तीपोटी येतो. भरलेला हीटर साधारण दीडशे किलोच्या घरात जातो. चारही पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, जमेल तर खालच्या बीमच्या रेषेत ठेवा. वाऱ्यासाठी स्टँड ठोकळ्यांनाच जखडा. पाइप भिंत फोडून नव्हे, डक्टमधून उतरवा. हे सगळं नकाशात मापांसकट दाखवा : कठड्यापासून किती, टाकीपासून किती, चालायला वाट किती उरते. ‘गच्चीवर कुठेतरी’ असं लिहिलेला अर्ज कमिटीच्या बैठकीत पुढे ढकलला जातो.

(पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूंनी जास्त जपावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर घर रिकामं करून मागता येतं. एसी, एक्झॉस्ट वगैरे त्यातून नाव घेऊन वगळलेत. सोलर त्या यादीत नाही.)

बॅटरीसाठी सोसायटीच्या परवानगीचा प्रश्न सहसा येत नाही, कारण ती तुमच्या घरातच राहते. पण इनव्हर्टरची लाइन घरच्या बोर्डात जोडावी लागते, तो फेरबदल. त्याचं एक वाक्य वरच्याच पत्रात घाला. दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बाल्कनी हवेशीर हवी, वर छप्पर हवं, आणि बॅटरीखाली ॲसिड धरणारा ट्रे हवा; ॲसिडने खराब झालेल्या फरशीचे पैसे अनामतीतूनच कापले जातात. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इनव्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल चुकीच्या जागी जोडला गेला, तर आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, वारंवार पडतो आणि ‘घराचं वायरिंग बिघडवलं’ ही तक्रार सुरू होते. इलेक्ट्रिशियनचं बिल जपून ठेवा.