ती कशी होती, हे विचारणं थांबतच नाही

«मॅडम, लग्नाला दीड वर्ष झालं. माझ्या नवऱ्याचं आधी एका मुलीवर प्रेम होतं, हे त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता मात्र रोज रात्री तिचं प्रोफाइल बघितल्याशिवाय झोप येत नाही. ती माझ्यापेक्षा दिसायला चांगली आहे, शिकलेली आहे. मी त्याला खोदून खोदून विचारते, तो सांगतो, मग भांडण होतं. तो आता तिच्या संपर्कात नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी अशी का वागते?»

तुमचं पत्र वाचताना मला निखिल आणि सायली आठवले. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, दोघांच्या परवानगीने लिहिते आहे.

निखिल नाशिकच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात, सायली बँकेत. लग्न ठरवून झालेलं. साखरपुड्याआधीच सायलीने सांगितलं होतं की कॉलेजपासून चार वर्षं तिचं एका मुलाशी नातं होतं आणि ते संपलं आहे. निखिलने ते समजूतदारपणे ऐकून घेतलं होतं. लग्नानंतर काही महिन्यांनी तिच्या एका मैत्रिणीने जुन्या ट्रेकचा फोटो टाकला. त्यात तो मुलगा होता, उंच, हातात गिटार. त्या रात्रीपासून निखिलचे प्रश्न सुरू झाले. माझ्याकडे आले तोपर्यंत त्याने हप्त्यांवर गिटार घेतली होती. ती कव्हर न काढता कपाटामागे पडून होती. जिम लावली होती, इंग्रजी बोलण्याचा क्लासही लावला होता.

अशा वेळी मी आधी दोघांना वेगवेगळं भेटते. सायलीला एकटीला विचारलं की तो फोन हिसकावतो का, नोकरीवर किंवा माहेरी जायला अडवतो का, कधी हात उचलला आहे का. यातलं काही असतं तर पुढचं काहीच मी केलं नसतं. तिथे प्रश्न असुरक्षिततेचा नसून सत्तेचा आणि छळाचा असतो. त्या घरात नवराबायकोला समोरासमोर बसवून बोलायला लावणं बाईसाठी धोक्याचं ठरतं, आणि 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण तिला सांगावं लागतं. इथे तसं काही नव्हतं. सायली फक्त दमली होती. «मी काय सांगितलं की तो शांत होईल, तेच कळत नाही,» ती म्हणाली.

निखिलला मी एक वही घालायला सांगितली. विचार कशावरून सुरू झाला, डोक्यात नेमकं काय आलं, अस्वस्थता शंभरपैकी किती, मग तुम्ही काय केलंत, आणि त्यानंतर अस्वस्थता किती राहिली. क्वालिटीचा माणूस, त्यामुळे नोंदी चोख होत्या. त्यातली एक सांगते. रात्री साडेदहाला त्याने विचारलं, «त्याने तुला मागणी कशी घातली होती?» अस्वस्थता 80. सायली आधी नाही म्हणाली, मग कंटाळून म्हणाली, «पावसात, कॉलेजच्या बसस्टॉपवर.» दहा मिनिटांत आकडा 30वर आला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना पाऊस लागला आणि आकडा 85.

ही नोंद मी त्याला पुन्हा वाचायला लावली. त्या प्रश्नाआधी पावसाचा त्याला काहीच त्रास नव्हता. उत्तराने दहा मिनिटं बरं वाटलं आणि बदल्यात नाशिकचा चार महिन्यांचा पावसाळा त्याच्या त्रासाच्या यादीत गेला. आधी सोमेश्वरचा धबधबा, गंगापूर रोडवरचं एक मिसळीचं दुकान आणि कॉलेजचा रस्ता त्या यादीत असेच शिरले होते. प्रत्येक जागा सायलीच्या कुठल्यातरी उत्तरातून आली होती.

तुमच्या «मी अशी का वागते» याचं उत्तर मला इथे दिसतं. त्या प्रश्नांमधून तुम्हाला माहिती नको असते, सुटका हवी असते. सुटका मिळते, पण थोड्या वेळापुरती, आणि मन शिकतं की अस्वस्थ वाटलं की विचारायचं. प्रोफाइल बघणं हाही त्याच जातीचा प्रश्न आहे, फक्त तो तुम्ही नवऱ्याऐवजी फोनला विचारता.

म्हणून पहिलं काम ठरलं ते विचारणं आणि शोधणं थांबवण्याचं. पण सरसकट गप्प बसणं बरोबर नाही. काही गोष्टी जोडीदाराला विचारायचा हक्क असतो. आता संपर्क आहे का, त्या नात्यातून आरोग्याचा काही प्रश्न उरला आहे का, पैशाचा किंवा कायद्याचा व्यवहार बाकी आहे का. हे निखिलने माझ्यासमोर एकदा विचारलं, सायलीने एकदा सरळ उत्तर दिलं आणि विषय बंद झाला. त्यापलीकडच्या प्रश्नांसाठी दोघांनी मिळून एक वाक्य ठरवलं. निखिलने विचारलं की सायली म्हणणार, «तुला त्रास होतोय हे दिसतंय, मी इथेच आहे, पण याचं उत्तर देणार नाही.» हे वाक्य त्याच्या संमतीने ठरलेलं असणं महत्त्वाचं. बायकोने आपल्याच मनाने अचानक उत्तरं बंद केली, तर नवऱ्याला ती लपवाछपवी वाटते आणि संशय वाढतो.

सुरुवातीला त्रास वाढतो. निखिलचे आकडे आठवडाभर 90च्या घरात होते. मग त्याच्या वहीतच दिसायला लागलं की काहीही न विचारता थांबलं, तर तासाभरात आकडा आपोआप उतरतो. त्यानंतर आम्ही मुद्दाम त्रासाच्या जागी गेलो. आधी कागदावर: बसस्टॉपचा प्रसंग त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत रोज मोठ्याने वाचायचा. मधे स्वतःची समजूत काढायची नाही. मग सायलीबरोबर सोमेश्वरला जाऊन बसायचं आणि काही विचारायचं नाही. मंत्रचळासाठी, म्हणजे पुन्हापुन्हा हात धुणं किंवा कुलूप तपासणं यासाठी, जी वर्तन उपचारपद्धती वापरतात, तीच ही पद्धत आहे. चक्र तेच असल्याने ती इथेही लागू पडते.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. प्रश्न बंद झाले होते, पण आकडे उतरेनात. खोदल्यावर कळलं की प्रश्नांनी वेश बदलला होता. «तुला पाऊस आवडतो ना गं?» असं तो सहज विचारल्यासारखं विचारायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. शिवाय मनातल्या मनात तुलना चालू होती. त्याने मोबाइलच्या नोट्समध्ये तक्ता केला होता: उंची, पगार, इंग्रजी, गिटार. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला हा. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळ्यात जास्त सुटून जातं. तुम्हीही नवऱ्याला विचारणं थांबवाल आणि आरशासमोर उभं राहून तिच्याशी ताडून बघणं चालू ठेवाल, तर चक्र चालूच राहील.

त्या तक्त्यावर आम्ही बराच वेळ दिला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 साली मांडलं होतं की ज्या गोष्टीला पक्कं माप नसतं, तिथे माणूस स्वतःला दुसऱ्या माणसाशी ताडून बघतो. उंचीला माप आहे. कुणावर जास्त जीव होता याला नाही. म्हणून निखिलने मोजता येतील असे रकाने घेतले. मी विचारलं, «हे रकाने सायलीने दिले का?» तो गप्प झाला. रकाने त्याचे, समोरचा माणूसही त्यानेच घडवलेला, एका फोटोवरून आणि दमून दिलेल्या उत्तरांवरून. त्या माणसाला कधी ताप येत नव्हता, तो कधी चिडत नव्हता.

सायलीने मला एकटीला सांगितलं होतं की त्या नात्याचं शेवटचं वर्ष नुसत्या भांडणात गेलं, आणि वडील आयसीयूत होते तेव्हा त्या मुलाने साधा फोनही केला नव्हता. हे निखिलला सांगू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. ऐकायला हे कठोर वाटेल. पण «तू त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला आहेस» यातही तुलना आहेच, फक्त निकाल त्याच्या बाजूने लागतो. त्या रात्री तो जिंकला असता आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा निकाल मागायला आला असता. तुमचा नवराही प्रेमापोटी म्हणत असेल, «ती काही एवढी सुंदर नव्हती.» त्याला सांगा, हे नको.

सायलीने त्याऐवजी वेगळं करायचं ठरवलं. निखिलमधलं काही आवडलं तर ते त्याच क्षणी बोलायचं, पण तो मागत असताना नाही, आणि त्यात तिसऱ्या कुणाचा उल्लेख नको.

खाली एक आणखी गोष्ट होती, आणि ती आपल्या समाजातून आलेली आहे. «मी तिच्या आयुष्यातला पहिलाच असायला हवा होतो.» मी विचारलं, कॉलेजात तुम्हाला कुणी आवडत होतं का? होतं, दोन वर्षं. ते त्याने लग्नाआधी सायलीला सांगितलंही नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. मुलाचं प्रेम ही गंमत आणि मुलीचं प्रेम ही नोंद, हा हिशेब त्याने घरात, मित्रांत, सगळीकडे ऐकला होता. आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आपण इच्छा आणि हट्ट वेगळे करतो. मी पहिला असतो तर मला आवडलं असतं, ही इच्छा आहे आणि ती पूर्ण न झाल्याचं वाईट वाटू शकतं. पण पहिला नाही म्हणजे मी कमी, हा हट्ट आहे. निखिलला वाईट वाटणं मान्य करायला वेळ लागला. ते मान्य झाल्यावर राग उतरला.

साधारण चार महिन्यांनी त्याची वही विरळ झाली. पावसात तो प्रसंग अजून आठवतो, आकडा 20-25पर्यंत जातो, आणि तो गाडी चालवत राहतो. गिटार विकून टाकली.

तुम्ही सुरुवात वहीपासून करा. दोन आठवडे काही बदलू नका, फक्त लिहा. नंतर प्रोफाइल बघण्याची वेळ आधी पंधरा मिनिटं, मग तासभर पुढे ढकला, आणि दर वेळी आकडा लिहा. तिला ब्लॉक करून भागेल असं समजू नका. हात दुसऱ्या खात्यावरून शोधायला लागतो, निखिलचाही लागला होता. या विचारांत आणि शोधण्यात रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ जात असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हा मंत्रचळाचा प्रकार असू शकतो आणि त्यावर औषधांचा चांगला उपयोग होतो. आणि कधी मन उलट्या बाजूला गेलं, म्हणजे पुरावा नसताना तो आताही तिला भेटतो अशी खात्री वाटायला लागली, तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे याल तेव्हा नवऱ्याला आणलंत तरी चालेल, पण आधी मी तुमच्याशी एकटीशी बोलेन.