बर्फाच्या दोन कारखान्यांचा करार का मोडतो

कार्टेल म्हणजे भाव चढा ठेवायला विक्रेत्यांनी आपसात केलेला करार. त्याची व्याख्या पाठ करत बसू नकोस, आधी आकडे मांड. समज, हर्णे बंदरात बर्फाचे दोनच कारखाने आहेत. दिवसाच्या एकूण लाद्या २०० मधून वजा केल्या की लादीचा भाव निघतो. खर्च लादीमागे ८० रुपये. दोघांचं ठरलं, प्रत्येकी ३० लाद्याच काढायच्या. भाव १४०, नफा प्रत्येकी १८००.

आता एकाने गुपचूप ४५ काढल्या. भाव १२५ वर येतो. त्याला २०२५ मिळतात, शब्द पाळणाऱ्याला १३५०. भाव पडल्याचा फटका दोघांना बसतो, जादा लाद्यांची कमाई मात्र एकट्याची. सगळा मोह इथे आहे, हे नीट बघ. दोघंही असेच वागले की गाडी ४०-४० लाद्यांवर थांबते, नफा १६००. तिथून एकट्याने हलून कुणाचाच फायदा नाही.

रोजची गाठ असेल तर चित्र बदलतं. दुसरा बजावतो, "फसवलंस तर उद्यापासून मीही कायम ४० काढणार." आज २२५ जास्त, पुढे रोज २०० कमी. उद्याचा रुपया आज निदान ५३ पैशांचा वाटत असेल, तर शब्द पाळणंच परवडतं.

पण एकजण ३१ मे रोजी, मासेमारीबंदीच्या आदल्या दिवशी, धंदा कायमचा बंद करणार हे दोघांनाही ठाऊक असेल, तर त्या दिवशी धाक उरत नाही. मग ३० मेलाही उरत नाही, आणि असं मागे मागे करार पहिल्या दिवसापर्यंत उसवतो. शिवाय वादळात होड्या किनाऱ्याला राहिल्या तरी भाव पडतोच. म्हणून नुसत्या भावावरून फसवणूक ठरवू नकोस, समोरच्याच्या लाद्या मोजता येतात का ते आधी विचार.