कॅप्शन किती ओळींचं?

प्रश्न: मी मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये सायकल दुरुस्ती शिकवणाऱ्या एका इन्स्टाग्राम पेजसाठी लिहिते. सर म्हणतात, कॅप्शन दोन ओळींत संपव. मैत्रीण म्हणते, मोठं लिहिल्याशिवाय कुणी सेव्ह करत नाही. मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?

उत्तर: दोघंही बरोबर असू शकतात. सरांच्या डोळ्यांसमोर बहुधा रील आहे आणि मैत्रिणीच्या डोळ्यांसमोर फोटो.

इन्स्टाग्राम २,२०० अक्षरं लिहू देतं, पण फीडमध्ये साधारण १२५ अक्षरांनंतर मजकूर दुमडला जातो आणि रीलवर जेमतेम एक ओळ दिसते. त्यात काना-मात्रा आणि पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजली जाते. 'क्षमता' आपल्या लेखी तीन अक्षरांचा शब्द, मोजणीत सहा! म्हणून दिसणारी ओळ फोनवरच बघून घे.

रील बघणाऱ्याचा अंगठा पुढच्या व्हिडिओसाठी तयारच असतो, आणि कॅप्शन उघडलं तर ते व्हिडिओवरच पसरतं. तिथे 'मागचा ब्रेक घासतोय? हा स्क्रू बघा' एवढं पुरे; बाकीचं व्हिडिओत बोल. कॅरोसेलमध्ये माणूस थांबलेला असतो, पण त्याचं वाचन स्लाइडवरच होतं. कॅप्शनमध्ये फक्त उरलेली गोष्ट टाक, जसं की ही पद्धत कोणत्या ब्रेकला चालत नाही. झिजलेल्या साखळीचा एकच फोटो असेल, तर मात्र फोटोतून काहीच कळत नाही. झीज कशी मोजायची, साखळी कधी बदलायची, हे शंभर-दीडशे शब्दांत सविस्तर लिही.

आता हा अंदाज तपासायचा कसा? मजकूर किती जणांनी उलगडला, हा आकडा इनसाइट्समध्ये मिळत नाही. मी मुलांना एक युक्ती सांगतो: शेवटच्या ओळीत नेमका प्रश्न विचारा, 'तुमची साखळी किती महिन्यांनी बदलली?' असा. कमेंटमध्ये महिने आले, तर लोक तळापर्यंत पोचले. नुसत्या टाळ्यांच्या इमोजी आल्या, तर काही कळलं नाही असंच धर.

सेव्हचा नुसता आकडा फसवतो. समजा, एक पोस्ट ४,००० जणांपर्यंत पोचली आणि ४० सेव्ह मिळाले. दुसरी १,५०० जणांपर्यंत पोचून ४५. वरवर दोन्ही सारख्याच, पण पहिलीचं प्रमाण १ टक्का आणि दुसरीचं ३. रील अनोळखी लोकांपुढेही बरीच जाते, त्यामुळे तिची तुलना फोटोशी करू नकोस. फोटोची फोटोशीच कर, तीही मिळत्याजुळत्या विषयावर, एकदा छोटं आणि एकदा मोठं कॅप्शन देऊन. नाहीतर विषयाचं श्रेय लांबीला जातं (आमच्या क्षेत्रात हे सर्रास होतं). पोच दोन-तीनशेचीच असेल, तर चार मैत्रिणींच्या सेव्हनेही टक्का हलतो. अशा वेळी आठ-दहा पोस्ट होईपर्यंत निष्कर्ष काढू नकोस.

मुलाखतीला जाताना या पोस्टचा तक्ता ने: प्रकार, कॅप्शनची अक्षरं, पोच, सेव्हचं प्रमाण, शेवटच्या प्रश्नाला आलेली उत्तरं. अंदाज चुकलेल्या पोस्टही त्यात असू देत. मी समोर बसलो असतो, तर आधी त्यांच्याबद्दलच विचारलं असतं.